93.6 टक्के कशाचे?

अगं, बस जरा इथे. आई पन्हं करतेय तोवर बोलून घेऊ, नंतर मामा आले की काही होणार नाही. तुझा इंटर्नशिपचा रिपोर्ट मी सकाळी डोंबिवलीहून येताना स्लो गाडीत वाचला. दिव्यापर्यंत तू मला जीएसटीचा इतिहासच सांगत होतीस. मुंब्रा आलं तेव्हा पान एकतीस आलं आणि मी तिथेच थांबले, कारण तुझ्या गाइड मॅडमही तिथेच थांबणार आहेत. वाक्य पाठ झालंय मला: ‘सदर कालावधीत खरेदी नोंदवही व जीएसटीआर-2बी यांच्या मेळातून 93.6 टक्के जुळणी साध्य करण्यात आली.’

कशाचे गं 93.6 टक्के?

बघ, गप्प बसलीस. गुरुवारी व्हायवात अशीच गप्प बसू नकोस म्हणून आज विचारतेय. मी एम.कॉम.ला होते तेव्हा माझ्याही रिपोर्टात असंच एक वाक्य होतं, फक्त आकडा 94 होता. बाहेरून आलेल्या सरांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, ‘बिलांच्या संख्येचे की रकमेचे?’ मला माहीत नव्हतं. ऑफिसातल्या एका सीनियरने तो आकडा सांगितला होता आणि मी तो छान दिसतो म्हणून ठळक टाइपात टाकला होता. सर रागावले नाहीत, ओरडले नाहीत, नुसतं ‘बरं’ म्हणाले. पण त्या ‘बरं’नंतर मी जे जे खरंच केलं होतं, त्यावरही त्यांचा विश्वास बसेना. प्रत्येक उत्तराला ‘हे तुम्ही स्वतः केलंत?’ सुरू झालं. आता गेली चार वर्षं मी व्हिजिटिंग म्हणून टेबलाच्या पलीकडे बसते, तेव्हा त्या ‘बरं’चा अर्थ कळतो.

पलीकडे बसून काय होतं ते सांगते. गाइडकडे एका दुपारी वीस-पंचवीस मुलं असतात. रिपोर्ट आधी चाळलेले असतात, वाचलेले असतीलच असं नाही. फ्रान्सने 1954 साली व्हॅट आणला आणि भारतात 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला, हे प्रत्येक रिपोर्टात असतं, त्यामुळे ते कोणी वाचत नाही. वाचलंच तर मुद्दाम विचारायला वाचतात: ‘फ्रान्सचा तुमच्या कामाशी काय संबंध?’ ती चार पानं काढून टाकायला आता वेळ नाही, बाइंडिंग झालंय, पण विषय तू स्वतःहून काढू नकोस. डोळा जातो तो आकड्यांच्या तक्त्यावर, सर्टिफिकेटवरच्या तारखांवर आणि दैनंदिनीवर. यातला तक्ता सगळ्यात महत्त्वाचा. सगळे प्रश्न त्या एका तक्त्यातून निघतात असं समज, आणि तो तक्ता असा हातात घे की कुठलीही ओळ कोणी बोट ठेवून विचारली तरी तिच्यामागचं बिल तुला डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे.

तर उघड पान एकतीस. वागळे इस्टेटमधला तो लेथवाला क्लायंट, जानेवारी 2025 ची खरेदी. रजिस्टरमध्ये 58 बिलं, त्यांवरचं क्रेडिट 2,14,560 रुपये. पोर्टलवरच्या टू-बीत मिळू शकणारं क्रेडिट 2,00,790. तू काय केलंस, खालच्या आकड्याला वरच्याने भागलंस, 93.58 आलं, ते 93.6 केलंस. आणि फरक लिहिलास 13,770.

हा भागाकार चुकीचा आहे असं नाही. तो जुळणी सांगत नाही, एवढंच. दोन पिशव्यांचं वजन जवळपास सारखं भरलं म्हणून आतली भाजी तीच आहे, असं होत नाही ना? टू-बीतल्या दोन लाखांत अशीही बिलं आहेत जी रजिस्टरमध्ये नाहीतच. म्हणजे फरक 13,770 चा दिसतो, पण तो दोन्ही बाजूंच्या फरकांची वजाबाकी होऊन उरलेला आहे. मॅडम हेच विचारतील: ‘हा एकच फरक आहे की बरेच फरक मिळून झालाय?’

तो फोडायला घे. पेन्सिल आण, मी बोलते तसं मांड.

रजिस्टरमध्ये आहे पण टू-बीत नाही, असं पहिलं बिल कळंबोलीच्या लोखंडवाल्याचं. माल 50,000 चा, त्यावर अठरा टक्के म्हणजे 9,000. का आलं नाही? तू रिपोर्टात लिहिलंयस, ‘पुरवठादाराने रिटर्न भरले नाही.’ हे चूक आहे आणि इथे तू पकडली जाशील. तो तिमाही रिटर्न भरणारा आहे. पाच कोटींपर्यंत उलाढाल असेल तर ती मुभा आहे. त्याचा जानेवारी ते मार्चचा जीएसटीआर-1 भरायची मुदत 13 एप्रिल, तोपर्यंत तो कुठेही चुकलेला नाही. मधल्या महिन्यांत त्याला वाटलं तर आयएफएफ नावाच्या सोयीने तो बिलं आधी चढवू शकतो, जानेवारीची 13 फेब्रुवारीपर्यंत. त्याने चढवली नाहीत. ते त्याच्यावर बंधनकारक नाही. म्हणून हे 9,000 मार्चच्या टू-बीत येणार, जी 14 एप्रिलला तयार होते. पुरवठादाराला ‘थकबाकीदार’ म्हणणं आणि ‘तिमाही’ म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ज्याने हे काम हाताने केलंय तोच तो फरक सांगू शकतो.

दुसरं कटिंग ऑइलवाल्याचं, 30,000 वर 5,400. हा मात्र महिन्याचा महिन्याला भरणारा आहे. त्याची मुदत 11 फेब्रुवारी होती आणि त्याने भरलं 16 ला. टू-बी 14 ला तयार होते आणि नंतर चढवलेलं बिल तिच्यात येत नाही, फोटो काढल्यासारखी. तो दोन दिवस उशिरा फोटोत आला, म्हणून फेब्रुवारीच्या टू-बीत गेला. मॅडम विचारतील, ‘मग तुम्ही 17 ला पोर्टलवर त्याचं बिल बघितलं असतं तर दिसलं असतं का?’ टू-ए मध्ये दिसलं असतं, कारण ती रोज बदलत राहते. क्रेडिट मात्र टू-बीवर घ्यायचं. हा प्रश्न सगळ्या गाइडना आवडतो, कारण त्याचं पाठ केलेलं उत्तर आणि समजलेलं उत्तर वेगळं ऐकू येतं. ‘टू-ए डायनॅमिक, टू-बी स्टॅटिक’ एवढं म्हणून थांबलीस तर ते पुस्तकातलं. कटिंग ऑइलवाल्याचं उदाहरण देऊन सांगितलंस तर ते तुझं.

तिसरं मला सगळ्यात आवडलं, आणि तू ते एका ओळीत संपवलंयस. मालक मशीन बघायला राजकोटला गेले, दोन रात्री हॉटेल, 9,000 भाडं आणि तेव्हाच्या बारा टक्क्यांनी 1,080 कर. बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर आहे, धंद्याचंच काम आहे, मग क्रेडिट का नाही? कारण हॉटेलच्या खोलीचा पुरवठा जिथे हॉटेल उभं आहे तिथला धरतात. हॉटेल गुजरातचं, पुरवठा गुजरातचा, म्हणून त्याने केंद्राचा आणि गुजरातचा कर लावला. आपला क्लायंट 27 नंबरवाला, महाराष्ट्रातला. गुजरातला गेलेला कर महाराष्ट्रातल्या नोंदणीवर वळवून मिळत नाही, आणि केंद्राचा अर्धा भागही नाही. आता गंमत ही की ते बिल टू-बीत आहे! फक्त ‘क्रेडिट मिळणार नाही’ या भागात आहे, आणि पुढे कारणही छापलेलं आहे. तू वरच्या भागाची बेरीज घेतलीस म्हणून ते तुला ‘गायब’ वाटलं. तेव्हा ‘टू-बीत नव्हतं’ असं म्हणू नकोस. ‘होतं, पण न मिळणाऱ्यांत होतं. अकाउंटंटने रजिस्टरमध्ये चुकून क्रेडिटला टाकलं होतं’ असं म्हण. मॅडम मान हलवतील बघ.

आता उलट्या बाजूने. टू-बीत आहेत पण रजिस्टरमध्ये नाहीत, अशी दोन. बँकेने महिन्याच्या चार्जेसवर लावलेला 270 रुपये कर, जो बहुतेक अकाउंटंट लक्षातच घेत नाहीत, सगळी रक्कम बँक चार्जेसमध्ये टाकून मोकळे होतात. आणि एका टूलवाल्याचं 8,000 चं बिल, कर 1,440, जे ऑफिसात पोचलंच नव्हतं.

करून बघ बेरीज. 9,000, 5,400 आणि 1,080 म्हणजे 15,480. त्यातून 270 आणि 1,440 वजा. आले ना 13,770? आता तुझा फरक बोलायला लागला. आणि दोन्हीकडे खरोखर असलेली बिलं किती रकमेची? 2,14,560 मधून 15,480 गेले, उरले 1,99,080. टू-बीकडून बघ, 2,00,790 मधून 1,710 गेले, तेच 1,99,080. रजिस्टरच्या रकमेच्या हिशोबाने ही जुळणी 92.8 टक्के होते. बिलं मोजलीस तर 58 पैकी 55. तेव्हा कोणी विचारलं ‘93.6 कशाचे’, तर सरळ सांग, ‘मॅडम, ते मी दोन बेरजांचं प्रमाण काढलं होतं. बिलागणिक जुळणी बघितली तर रकमेने 92.8 येते.’ स्वतःची चूक स्वतः दुरुस्त केलेली परीक्षकाला खटकत नाही. खटकतं ते चुकीच्या आकड्याला चिकटून बसणं.

थांब, पन्हं घे आधी. वेलची जास्त झालीये का गं? असो.

आता त्या तक्त्यातला खरा सापळा. पुढच्या पानावर तूच लिहिलंयस की जानेवारीच्या थ्री-बीत क्रेडिट घेतलं 1,99,350. हा आकडा रजिस्टरचाही नाही आणि टू-बीचाही नाही. मी मॅडमच्या जागी असते तर व्हायवा इथूनच सुरू केली असती: ‘तुमच्याकडे दोन आकडे आहेत, मग हा तिसरा कुठून आला?’ सांग बघू.

‘ऑफिसातल्या सरांनी सांगितला’ असं नाही हं म्हणायचं!

टू-बीच्या 2,00,790 मधून टूलवाल्याचे 1,440 काढले, कारण 20 फेब्रुवारीला रिटर्न भरताना ते बिल हातात नव्हतं आणि माल आला की नाही हेही कोणाला माहीत नव्हतं. पोर्टलवर दिसतंय म्हणून क्रेडिट घ्यायचं नसतं. कायद्याच्या कलम 16 मध्ये बिल हातात हवं, माल किंवा सेवा मिळालेली हवी, पुरवठादाराने कर भरलेला हवा, आणि 1 जानेवारी 2022 पासून ते टू-बीतही दिसायला हवं. दिसणं ही चारातली एक अट आहे. आणि 270? ते ठेवले, कारण बँकेचं कराचं बिल नेट बँकिंगमधून काढून तू त्याच आठवड्यात नोंदवलंस. 2,00,790 वजा 1,440, झाले 1,99,350. दुसऱ्या वाटेने ये: रजिस्टरच्या 2,14,560 मधून 15,480 काढ, 270 घाल. परत 1,99,350. दोन वाटांनी एकाच दारात पोचता आलं की समोरचा माणूस पुढचं पान उलटतो. हे कागदावर न बघता, मॅडमसमोरच्या कोऱ्या कागदावर तीन ओळींत मांडता यायला हवं. आज रात्री आईला समोर बसवून मांड. तिला जीएसटी कळत नाही हे उत्तमच आहे, तिला पटलं म्हणजे तू नीट सांगितलंस.

यावरून एक-दोन पाठोपाठचे प्रश्न येतील. कळंबोलीवाल्याचे 9,000 एप्रिलमध्ये आले, तर क्लायंटचं नुकसान काय झालं? पैसे बुडाले नाहीत, पण फेब्रुवारीत तेवढा कर रोखीने जास्त भरावा लागला आणि दोन महिने ती रक्कम अडकली. छोट्या कारखान्यात नऊ हजार म्हणजे काय ते तू बघितलंयस. आणि एखादा पुरवठादार कधीच भरणार नसेल तर? 2024-25 चं क्रेडिट 30 नोव्हेंबर 2025 नंतर घेता येत नाही, त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर ती तारीखच शेवटची. म्हणून महिन्याचा मेळ वर्षाखेरीस एकदम करून चालत नाही. याच्या पलीकडे कलमांत शिरू नकोस. तू कर सल्लागार नाहीस, इंटर्न होतीस, आणि ‘हे आमच्या ऑफिसात सर बघायचे, माझ्याकडे आलं नाही’ हे अगदी मान्य होणारं उत्तर आहे. फक्त ते तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला द्यायचं, पहिल्याला नाही.

मग येईल, ‘जुळवलं कसं?’ इथे मुलं ‘एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावलं’ म्हणतात आणि मॅडम म्हणतात, ‘कशावर?’ तुझ्या रिपोर्टात एका ट्रेडर्सच्या बिलाची गोष्ट आहे ना, 3,600 रुपये कराची? पोर्टलवर नंबर ‘0118’ पुढेमागे वर्ष लावून, आणि रजिस्टरमध्ये नुसता 118. पहिल्या फेरीत ते बिल दोन्हीकडे ‘जुळलं नाही’ म्हणून आलं, म्हणजे एकाच बिलाचे दोन फरक, आणि एकूण फरकावर परिणाम शून्य. म्हणून तर बेरजांच्या प्रमाणावर विसंबू नये म्हणते मी. आणि नुसत्या बिल नंबरवर व्हीलुकअप लावलं तर दुसऱ्याच कोणाचं 118 नंबरचं बिल येऊन चिकटतं, हेही तुझ्या बाबतीत झालं होतं, तू फोनवर रडकुंडीला येऊन सांगितलं होतंस. ते रिपोर्टात का नाही लिहिलंस? तेवढंच एक खरं शिकणं होतं त्या धड्यात! मग तू पुरवठादाराचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर जोडून एक किल्ली केलीस. तीच सांग, विचारलं तर लिहून दाखव:

```
=TRIM(A2)&"|"&TRIM(C2)
=VLOOKUP(F2,'2B'!F:H,3,FALSE)
```

पहिल्या ओळीने दोन्ही शीटच्या एफ रकान्यात किल्ली तयार होते, दुसरी टू-बीच्या शीटमध्ये ती शोधून कराची रक्कम आणते. शेवटचं FALSE कशाला, हे विचारतातच. ते नसेल तर एक्सेल जवळपासचं काहीतरी आणून देतं आणि तुला कळतही नाही. आणि ही युक्ती कुठे पुरी पडत नाही तेही सांग: नंबर वेगळ्या पद्धतीने लिहिला असेल तर किल्लीही चुकते, तशी बिलं शेवटी तारीख आणि रक्कम बघून हातानेच लावावी लागली. साधनाची मर्यादा सांगणारी मुलगी परीक्षकाला लगेच वेगळी दिसते.

भाषेचं एक. तुझा सगळा रिपोर्ट ‘करण्यात आले’, ‘तपासण्यात आले’, ‘साध्य करण्यात आली’ यात आहे. कोणी केलं? लिहिताना तशी पद्धत असते, ठीक आहे. पण बोलताना तेच आलं की मॅडमच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. दुसरं टोक म्हणजे सगळंच ‘मी’. ‘मी रिटर्न फाइल केलं’ असं म्हणालीस तर पुढचा प्रश्न येईल, ‘ओटीपी कोणाच्या फोनवर आला?’ आला मालकांच्या. तू काय केलंस, तर बिलं टॅलीतून काढली, मेळ घातला, फरकाचा तक्ता केला, कटिंग ऑइलवाल्याला आणि टूलवाल्याला फोन केले. काय घ्यायचं, काय सोडायचं हे सरांनी ठरवलं, आणि रिटर्न सरांच्या लॉगिनने गेलं. हे तीन थर वेगळे ठेवून बोल. तुझा थर छोटा आहे म्हणून लाजू नकोस. 120 तासांत यापेक्षा मोठा थर कोणी देत नाही, आणि चार क्रेडिटचं ओजेटी त्याच मापाचं आहे हे मॅडमना ठाऊक असतं.

तास म्हटलं म्हणून दैनंदिनी आठवली. दाखव ती. हे बघ, 14 मार्च, सहा तास, ‘फेब्रुवारीची टू-बी तपासली’. 14 मार्चला धुळवड होती बाई! तू दुपारपर्यंत चेंदणीला मैत्रिणींबरोबर रंगात होतीस, फोटो आहेत माझ्याकडे. तुला वाटलं टू-बी 14 ला तयार होते म्हणून ती तारीख टाकू. खरं तर तू ती सोमवारी, 17 ला बघितलीस आणि त्यात कटिंग ऑइलचे 5,400 आले होते. शाईने खाडाखोड करू नकोस. ऑफिसातल्या सरांना भेट, चुकीची नोंद त्यांच्यासमोर एका रेघेने खोड, बाजूला खरी तारीख लिही आणि त्यांची सही घे. आणि मग बेरीज कर, सहा तास कमी भरले तर त्या आठवड्यातले शनिवारचे तास तू लिहिलेच नाहीयेस, ते हजेरीवर आहेत का बघ. नसतील तर आहेत तेवढेच तास मॅडमना आधी जाऊन सांग. व्हायवाच्या टेबलावर ही गोष्ट त्यांनी शोधून काढली तर ती तासांची राहत नाही.

आणखी एक, हे मात्र आजच. परिशिष्टात तू टू-बीचा स्क्रीनशॉट लावलायस आणि त्यावर क्लायंटचा आणि सगळ्या पुरवठादारांचा जीएसटी नंबर स्वच्छ दिसतोय. पंधरापैकी मधली दहा अक्षरं म्हणजे त्यांचा पॅन नंबर असतो. सरांची लेखी परवानगी आहे का? ‘हो म्हणाले होते’ हे परवानगीत धरत नाहीत. कॉलेजच्या प्रतीवर ते नंबर झाकून नवीन प्रिंट चिकटव, सुरुवातीचे दोन आकडे ठेव, म्हणजे 27 आणि 24 वरून राजकोटचा मुद्दा दाखवता येईल. कंपनीचं नाव तू आधीच ‘एक अभियांत्रिकी उद्योग’ केलंयस, ते चांगलं केलंस.

शेवटचा धडा, शिफारशी. ‘कंपनीने जीएसटीबाबत जागरूक राहावे.’ हे वाचून मला हसू आलं, मॅडमना येणार नाही. त्या विचारतील, ‘जागरूक म्हणजे सोमवारी सकाळी मालकांनी नेमकं काय करायचं?’ याचं उत्तर तुझ्याच तक्त्यात आहे. कळंबोलीवाल्याला आयएफएफने दर महिन्याला बिलं चढवायला सांगायचं. महिन्याच्या 12 तारखेला, म्हणजे टू-बी बनायच्या आधी, मोठ्या पाच पुरवठादारांची बिलं पोर्टलवर दिसतायत का बघायचं आणि नसतील तर फोन करायचे. खरेदीची बिलं मालकांच्या टेबलाच्या खणात न जाता त्याच दिवशी अकाउंटंटकडे जायला हवीत, कारण टूलवाल्याचं ते बिल शेवटी तिथेच सापडलं ना? मग विचारतील, ‘मालकांनी मानलं?’ खरं सांग. खणाचं मानलं, कळंबोलीवाल्याला सांगायला ते तयार नव्हते, कारण तो उधारी साठ दिवसांची देतो आणि त्याला दुखवणं परवडत नाही. हे उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला यावर तुझ्याशी गप्पा माराव्याशा वाटतील, आणि गप्पा सुरू झाल्या की दहा मिनिटं संपतात.

आता एकच राहिलं आणि ते तुझ्या रिपोर्टात नाही, कारण तो छापला तेव्हा एप्रिल उजाडायचा होता. ते 9,000. तू लिहिलंयस ‘मार्चच्या टू-बीत अपेक्षित’. 14 एप्रिल होऊन गेली. आले का? मॅडम विचारणारच, आणि ‘माझी इंटर्नशिप 21 मार्चला संपली’ असं म्हणता येईल, पण ते किती कोरडं वाटेल. उद्या ऑफिसात फोन कर. दहाच्या आधी नको, सर तोवर नौपाड्यात चहाच्या टपरीवर असतात, आणि आजच थ्री-बीची शेवटची तारीख संपतेय म्हणजे उद्या ते जरा माणसात असतील. नुसतं विचार, कळंबोलीचं जानेवारीचं बिल आलं का आणि कुठल्या तारखेला चढवलं. आलं असेल तर तारीख वहीत लिहून ठेव. आलं नसेल तर त्यांनी पुढे काय केलं ते विचार, आणि मला संध्याकाळी फोन कर, मग त्या उत्तरावर बसू. मामा आले वाटतं, रिक्षा थांबली खाली. तो कागद उचल, त्यावर पन्हं सांडेल.